गुण कोठे गेले?

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- एखाद्या वर्गाने सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेचे प्रकरणवार पृथक्करण करता येईल;
- गमावलेले गुण आणि गमावलेल्या गुणांची टक्केवारी यांतील भेद सांगता येईल;
- ज्या प्रकरणात गुण गेले तेच प्रकरण कच्चे आहे की चुकीचे मूळ अन्यत्र आहे, हे ओळखता येईल.

प्रस्तावना

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सार्वजनिक परीक्षेचे गुणपत्रक हाती पडते तेव्हा त्यावर विषयाचे गुण असतात. गणितात अमुक गुण मिळाले, एवढे त्यावरून कळते. उरलेले गुण बीजगणितात गेले की भूमितीत, हे मात्र त्यावर नसते. अनुत्तीर्ण झालेला अध्ययनार्थी पुढील परीक्षेस बसतो तेव्हा पुष्कळदा पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागतो आणि वेळ संपेपर्यंत जेमतेम निम्म्या पुस्तकापर्यंत पोहोचतो. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्यास ही चैन परवडणारी नाही. म्हणून अंतिम परीक्षेपूर्वी घेतलेल्या सराव परीक्षेचे उत्तरपत्र गुण देऊन बाजूला न ठेवता त्याचे पृथक्करण करावयाचे असते. ते कसे करावे, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

उदाहरणातील वर्ग बेंगळूरुजवळील देवनहळ्ळी येथील कल्पिला आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवे विमानतळ सुरू झाले आणि तेथे व आसपासच्या मालवाहतूक केंद्रांत, उपाहारगृहांत आणि बांधकामांवर कामासाठी ठिकठिकाणची माणसे येऊन राहिली. अशांपैकी वीस मराठी भाषिक अध्ययनार्थी सायंकाळी एकत्र जमतात, माध्यमिक स्तराच्या गणिताची तयारी करतात आणि पन्नास गुणांची सराव परीक्षा देतात, असे समजू. वर्ग व त्याचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. त्यातील चुका मात्र अशा वर्गांत नेहमी आढळणाऱ्याच आहेत.

पहिला तक्ता

परीक्षा झाल्यावर वर्गात एकच सूर निघाला, "बाई, त्रिकोणमितीने घात केला." शिक्षिकेचेही तेच मत होते. पुढील आठवडाभर त्रिकोणमिती शिकवावी, असे तिने ठरवूनही टाकले होते. तरीही तिने आधी तक्ता भरला.

तक्ता साधा असतो. मोठ्या कागदावर डावीकडे वीस आसनक्रमांक एकाखाली एक लिहावेत आणि वरच्या ओळीत प्रत्येक प्रश्न व उपप्रश्न मांडावा. ज्याने त्याने प्रत्येक उपप्रश्नात मिळवलेले गुण त्या चौकटीत भरावेत. प्रश्न कोणत्या प्रकरणाचा, हे गुण भरण्यापूर्वीच ठरवून त्याच्या डोक्यावर लिहावे. भिंतींचे क्षेत्रफळ काढून रंगाचा खर्च विचारणारा प्रश्न महत्त्वमापनाचा मानावा की व्यापारी गणिताचा, असा पेच पडतोच. गुण पाहिल्यानंतर तो सोडवू गेल्यास मनातील पूर्वग्रह निर्णय घेतो. अभ्यासक्रमात तो प्रश्न ज्या प्रकरणाखाली येतो तेथेच तो ठेवावा.

बेरीज करण्यापूर्वी आणखी एक तपासणी करावी लागते. आसनक्रमांक एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावून पाहावेत. एखादा प्रश्न वरच्या पाचसहा जणांना चुकला आणि तळाच्यांना साधला, असे दिसल्यास अध्ययनार्थ्यांआधी प्रश्नावर व उत्तरसूचीवर संशय घ्यावा. छपाईची चूक किंवा उत्तरसूचीतील चुकीचे अक्षर येथेच पकडले जाते. जपानमध्ये ताकाहिरो सातो यांनी १९७० च्या दशकात याच मांडणीवर एक पद्धत उभारली. त्यांनी अध्ययनार्थी आणि प्रश्न हे दोन्ही क्रमाने लावले, की अनपेक्षित चौकटी आपोआप उठून दिसतात. सातोंच्या पद्धतीत पुढे बरेच गणित आहे. वीस जणांच्या वर्गाला क्रम लावून नजर फिरवणे पुरेसे होते.

शिक्षिकेच्या तक्त्याची बेरीज अशी आली. प्रत्येक प्रकरणाच्या गुणांना वीसने गुणले, की संपूर्ण वर्गाला मिळू शकणारे गुण येतात.

| प्रकरण | प्रश्नपत्रिकेतील गुण | वर्गाचे शक्य गुण | गमावलेले गुण | टक्के |
|---|---|---|---|---|
| बीजगणित | १२ | २४० | ८४ | ३५ |
| व्यापारी गणित | १० | २०० | ९० | ४५ |
| भूमिती | ८ | १६० | ६४ | ४० |
| महत्त्वमापन | १० | २०० | ११६ | ५८ |
| त्रिकोणमिती | ४ | ८० | ५६ | ७० |
| सांख्यिकी | ६ | १२० | ३० | २५ |
| एकूण | ५० | १००० | ४४० | ४४ |

शेवटचा स्तंभ वाचल्यास वर्गाचे गाऱ्हाणे खरे वाटते. त्रिकोणमितीत शंभरातील सत्तर गुण गेले आहेत. परंतु त्याच्या आधीचा स्तंभ निराळे सांगतो. गुणांचा मोठा वाटा महत्त्वमापनात गेला, त्याखालोखाल व्यापारी गणितात. ज्या बीजगणितात वर्ग बऱ्यापैकी तरबेज होता, त्यातही त्रिकोणमितीपेक्षा अधिक गुण गेले, कारण बीजगणिताचा भारांश तिप्पट आहे. प्रकरण किती कठीण गेले हे टक्केवारी सांगते आणि त्यापायी किती नुकसान झाले हे गमावलेले गुण सांगतात. वेळ कोठे घालवावा हे ठरवताना दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून वाचावे लागतात.

लहान वर्गाच्या आकड्यांवर किती भार टाकावा, हेही जाणून घेतले पाहिजे. वीस जणांत एक जण म्हणजे पाच टक्के. भूमितीचे ४० आणि व्यापारी गणिताचे ४५ यांतील अंतर एकदोघांच्या बऱ्यावाईट दिवसानेही पडू शकते. त्या अंतरावरून "भूमिती बरी, व्यापारी गणित वाईट" असा निष्कर्ष काढू नये. त्रिकोणमितीवर तर चार गुणांचा एकच प्रश्न होता. एका प्रश्नावरून प्रकरणाची परीक्षा होत नाही, त्या प्रश्नाची होते.

कोरी जागा आणि चुकीचे उत्तर

त्रिकोणमितीच्या त्या एका प्रश्नाची उत्तरे शिक्षिकेने सलग वाचली. पाच उत्तरे पूर्ण बरोबर होती. चौघांनी प्रयत्न करून प्रत्येकी तीन गुण गमावले होते, म्हणजे बारा. उरलेल्या अकरा जणांनी काहीच लिहिले नव्हते आणि चव्वेचाळीस गुण तेथेच गेले होते. प्रश्न प्रश्नपत्रिकेच्या अगदी शेवटी होता.

तक्त्यात कोऱ्या जागेसाठी शून्य लिहिले, की ती चुकीच्या उत्तराशी एकरूप होते. म्हणून कोऱ्या जागेला शून्याऐवजी आडवी रेघ द्यावी. चुकीचे उत्तर निदान एवढे तरी दाखवते की माणूस कोठवर पोहोचला. कोऱ्या जागेवरून येत नव्हते, वेळ संपला, की धीर सुटला, यांतील काहीच कळत नाही. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांना तोच प्रश्न कोन बदलून दिला आणि दहा मिनिटे वेळ दिला. कोन बदलणे आवश्यक होते, कारण रात्रीतून उत्तराची चर्चा झालेली असणारच. सहा जणांनी तो सोडवला. त्या सहांना त्रिकोणमिती शिकवण्याची गरज नव्हती. तीन तासांच्या वेळात कोणता प्रश्न केव्हा हाती घ्यावा, हे त्यांना शिकायचे होते. ज्या प्रकरणासाठी आठवडा राखून ठेवला होता ते प्रकरण अशा रीतीने पाच अधिक चार, अशा नऊ जणांपुरते उरले.

प्रकरणाच्या आत

महत्त्वमापनात तीन प्रश्न होते. वर्तुळाकार बागेभोवतीच्या रस्त्याचे क्षेत्रफळ विचारणाऱ्या प्रश्नात ६० पैकी २८ गुण गेले. पाण्याच्या टाकीच्या प्रश्नात ६० पैकी ३८, तर भिंतींना रंग देण्याच्या प्रश्नात ८० पैकी ५० गेले. एकाच प्रकरणातील तीन प्रश्न इतके वेगळे का वागले, याचे उत्तर तक्ता देत नाही. तेथून पुढे उत्तरपत्रे उघडावी लागतात. ती एकेका अध्ययनार्थ्याची न वाचता एकेका प्रश्नाची वाचावीत. एकच प्रश्न वीस वेळा वाचला, की चुका जातीजातींनी वेगळ्या होऊ लागतात.

टाकीचा प्रश्न असा होता: १.४ मीटर व्यास व २ मीटर उंची असलेल्या वृत्तचिती आकाराच्या टाकीत किती लीटर पाणी मावेल? त्रिज्या ०.७ मीटर, तिचा वर्ग ०.४९, त्याला २२/७ ने गुणून १.५४ आणि उंचीने गुणून ३.०८ घनमीटर. एका घनमीटरमध्ये हजार लीटर, म्हणून उत्तर ३०८० लीटर. तीन जणांचे उत्तर बरोबर होते आणि तिघांनी जागा कोरी सोडली होती. उरलेल्या चौदा जणांची चुकीची उत्तरे केवळ तीन प्रकारची निघाली. तिघांनी १२,३२० लिहिले, म्हणजे व्यासालाच त्रिज्या मानले. दोघांनी ३०८ लिहिले, म्हणजे घनमीटरचे लीटर करताना शंभराने गुणले. आणि नऊ जणांनी ३०,८०० लिहिले. या नऊ जणांना सूत्र येत होते, त्रिज्या अचूक काढली होती, रूपांतरही ठाऊक होते. त्यांनी ०.७ × ०.७ = ४.९ असे लिहिले होते.

चुकीचे उत्तर असे बोलके असते. ते कोणत्या पायरीवर जन्मले हे बहुधा उलट दिशेने शोधता येते. अध्ययनार्थ्याला स्वतःलाही ते जागेवर पकडता आले असते. पाण्याचे मोठे टँकर बारा हजार लीटरच्या आसपास पाणी आणतात. माणसाच्या उंचीहून किंचित उंच आणि दोन हातांच्या कवेहून लहान व्यासाच्या टाकीत असे अडीच टँकर रिकामे होणार नाहीत.

भिंतींच्या प्रश्नात खोली ६.५ मीटर लांब, ४.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच होती. दारे-खिडक्या न वगळता चार भिंतींना चौरस मीटरला १२.५० रुपये दराने रंग द्यायचा होता. लांबी आणि रुंदीची बेरीज ११, तिची दुप्पट २२, उंचीने गुणून ६६ चौरस मीटर, आणि खर्च ८२५ रुपये. सहा जणांनी छत आणि जमीनही रंगवली. तिघांनी जागा कोरी ठेवली. दहा जणांनी ६.५ + ४.५ = १०.१० असे लिहिले आणि पुढील सारे पायरीपायरीने नीट केले.

दहा प्रौढ माणसांनी, ज्यांतील कित्येक जण रोज बिले करतात, अशी बेरीज का करावी? शिक्षिकेने त्यांना समोर बसवून मोठ्याने बेरीज करायला सांगितली. "सहा आणि चार दहा, पाच आणि पाच दहा, दहा-दहा." त्यांच्या व्यवहारातील टिंब हे दशांशचिन्ह नव्हतेच. बांधकामावर काम करणारा ६.५ म्हणजे सहा फूट पाच इंच असे लिहितो. क्रिकेटच्या फलकावर ६.५ म्हणजे सहा षटके आणि पाच चेंडू. या दोन्ही ठिकाणी टिंब दोन वेगळ्या एककांना अलग ठेवते आणि टिंबाच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजल्या जातात. गणितातील ६.५ मध्ये मात्र पाच हे एकाचे दहा भाग केल्यावरचे पाच भाग आहेत, म्हणून पाच आणि पाच मिळून पूर्ण एक होतो. ०.७ च्या वर्गाची चूक थोडी निराळी आहे. बेरजेत टिंबानंतर जितके अंक होते तितकेच उत्तरात राहतात, हा नियम तेथे गुणाकारावर लादला गेला. दोन्हींचे मूळ एकच, दशांशाची स्थानिक किंमत पक्की नाही.

प्रकरणापलीकडे

आता व्यापारी गणिताकडे वळावे. तेथील ९० पैकी ६२ गुण एकाच सहा गुणांच्या प्रश्नात गेले होते: ६५०० रुपयांवर द.सा.द.शे. ८ दराने २ वर्षांचे चक्रवाढ व्याज. पहिल्या वर्षाचे व्याज ५२० आणि रास ७०२०. दुसऱ्या वर्षाचे व्याज ५६१.६०, म्हणून एकूण १०८१.६० रुपये. पाच जणांनी सरळव्याज काढून १०४० लिहिले आणि प्रत्येकी चार गुण गमावले. तिघांनी जागा कोरी ठेवली. आठ जणांचे पहिले वर्ष बिनचूक होते. दुसऱ्या वर्षी, प्रथमच दशांश आला तेथे, त्यांचे टिंब सरकले आणि प्रत्येकी तीन गुण गेले.

तीन प्रश्नांत मिळून १५० गुण गेले होते. शिक्षिकेने त्यांची चुकीच्या जातीनुसार पुन्हा वाटणी केली. दशांशामुळे टाकीत १८, भिंतींत २० व व्याजात २४, असे ६२ गुण गेले. कोऱ्या जागांमुळे ३९ गेले. व्यास, लीटर, छत आणि सरळव्याज या खऱ्या अर्थाने त्या त्या प्रकरणाच्या चुकांमुळे ४९ गेले. ज्या त्रिकोणमितीने घात केला असे वाटत होते तिच्यात एकूण ५६ गेले होते. त्याहून अधिक गुण ज्या एका गोष्टीने नेले, ती माध्यमिक अभ्यासक्रमात कोणत्याच प्रकरणाच्या नावाने येत नाही. ती प्राथमिक वर्गातच शिकून झाली असे गृहीत धरलेले असते. शाळा मध्येच सुटलेल्या माणसाच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

कोऱ्या जागांचे ३९ गुणही तपासले गेले. तिन्ही प्रश्नांत रेघ असलेले तेच तीन आसनक्रमांक होते. उपस्थितीपट काढल्यावर दिसले, की ती दोन प्रकरणे शिकवली जात असता तिघेही रात्रपाळीवर होते. तेथे निदानाची गरजच नव्हती, पाठ नव्याने घ्यायचा होता.

छत रंगवणाऱ्या सहा जणांचा प्रश्न राहिला. त्यांचा गुणाकार अचूक होता. ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ साली शाब्दिक उदाहरणांतील चुका तपासण्यासाठी पाच टप्पे सुचवले: वाचणे, अर्थ कळणे, योग्य क्रिया निवडणे, ती क्रिया करणे आणि उत्तर योग्य रूपात लिहिणे. पुष्कळ चुका आकडेमोडीला हात घालण्यापूर्वीच होतात, असे त्यांना आढळले. अध्ययनार्थ्याला क्रमाने पाच गोष्टी करायला सांगावे: प्रश्न वाचून दाखव, काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग, काय करणार ते सांग, करून दाखव, उत्तर लिही. तो जेथे अडखळतो तेथे चूक असते. सहांपैकी चौघांनी प्रश्न मोठ्याने वाचताच "चार भिंती" या शब्दांवर थांबून स्वतःच दुरुस्ती केली. दोघांनी मात्र इष्टिकाचितीच्या एकूण पृष्ठफळाचे एकच सूत्र पाठ केले होते.

निदानाची खातरजमा

दशांशाचे हे निदान चुकीचे असण्याचीही शक्यता होती. रस्त्याच्या प्रश्नात सर्व मापे पूर्णांकांत होती आणि तेथे कमी गुण गेले, हा पुरावा निदानाच्या बाजूचा आहे खरा. पण तो प्रश्न मुळातच सोपाही असू शकतो. म्हणून शिक्षिकेने भिंतींच्या प्रश्नात अडलेल्या दहा जणांना दोन खोल्या दिल्या. पहिली ७ मीटर लांब व ४ मीटर रुंद, दुसरी ७.५ मीटर लांब व ४.५ मीटर रुंद. बाकी शब्दही बदलला नाही. सात जणांची पहिली खोली बरोबर आली आणि दुसरी चुकली. तिघांच्या दोन्ही चुकल्या. ते सात जण दशांशाच्या गटात बसले. तिघांना दशांशाबरोबर महत्त्वमापनही शिकवावे लागणार होते, आणि पहिल्या तक्त्यावरून ते कधीच वेगळे दिसले नसते.

पाठगत प्रश्न

१. पंधरा जणांच्या वर्गात एका प्रकरणास १० गुण होते व वर्गाला एकूण ७२ गुण मिळाले. दुसऱ्या प्रकरणास ४ गुण होते व वर्गाला १८ मिळाले. कोणत्या प्रकरणात अधिक गुण गेले? कोणते प्रकरण अधिक कठीण गेले?

२. दोन वेगळ्या प्रकरणांतील पाच गुणांच्या दोन प्रश्नांपैकी एक सोडवायचा होता. पंधरापैकी नऊ जणांनी पहिला निवडला व त्यात एकूण २७ गुण मिळवले. त्या प्रश्नात किती टक्के गुण गेले?

३. ०.३ × ०.२ चे उत्तर एकाने ०.६ लिहिले. त्याने कोणता नियम कोठे लावला असावा?

उत्तरे

१. पहिल्यात १५० पैकी ७८ म्हणजे ५२ टक्के, दुसऱ्यात ६० पैकी ४२ म्हणजे ७० टक्के. गुण पहिल्यात अधिक गेले, कठीण दुसरे गेले.

२. शक्य गुण नऊ जणांचेच धरावेत: ४५ पैकी १८, म्हणजे ४० टक्के. पंधरा जणांचे ७५ धरल्यास ६४ टक्के येतात. ज्यांनी तो प्रश्न निवडलाच नाही त्यांचे गुण त्यात गमावलेले म्हणून मोजले जातात.

३. बेरजेतील टिंबाचा नियम गुणाकाराला. योग्य उत्तर ०.०६.